मंदिरस्थापत्याचं युनिट एका शीटवर: रेखाटन पाहून शैली ओळखता येईल असं टिपण कसं काढावं

आर्किटेक्चरच्या इतिहासाच्या पेपरात भारतीय मंदिरांच्या युनिटवर मार्क जातात ते फक्त अभ्यास न केलेल्यांचेच नाही. पानंच्या पानं नोट्स काढलेल्या मुलांचेही जातात. त्यांना चोळांचा काळ पाठ असतो, होयसळांच्या मंदिरांची यादी पाठ असते, पण पेपरात नाव पुसलेला प्लॅन किंवा अर्धवट एलिव्हेशन समोर आलं की पेन थांबतं. कारण नोट्स नावापासून सुरू होतात आणि परीक्षेत नावच दिलेलं नसतं. आधी 'चालुक्य', मग त्याखाली सहा मुद्दे, हा क्रम वाचायला बरा असतो, पण प्रश्न नेमका उलट दिशेने येतो. आधी रेषा दिसतात आणि नाव शेवटी लिहायचं असतं.

म्हणून टिपणही रेषेकडून नावाकडे जाणारं हवं. पुढची पद्धत मंदिरांच्या युनिटसाठीच लिहिली आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. विशेषतः दुसरा आणि तिसरा टप्पा गाळून थेट तक्ता भरायला बसू नका. तसं केलं की तक्त्यात पुन्हा पुस्तकातलीच वाक्यं उतरतात.

## तयारी

एक ए-थ्री आकाराची शीट, ट्रेसिंग पेपर, टूबी पेन्सिल, एक बारीक आणि एक जाड काळं पेन, आणि गुण्या. शिवाय वर्गात शिकवलेल्या मंदिरांचे मोजून काढलेले प्लॅन आणि एलिव्हेशन. ते संदर्भपुस्तकातून झेरॉक्स करून घ्या.

फोटोवरून काम करू नका. खालून काढलेल्या फोटोत शिखराचा वरचा भाग दबतो आणि कडेचा खरा उतार कळत नाही. नागर आणि द्राविड यांतला पहिला फरक तर याच रेषेवर ठरतो.

झेरॉक्स काढताना सगळे प्लॅन साधारण ६ सेंटिमीटर लांबीचे होतील असे लहान-मोठे करून घ्या आणि सगळ्यांची दिशा एकच ठेवा: दार डावीकडे, गाभारा उजवीकडे. पुस्तकात काही प्लॅन उभे असतात, काही आडवे. तसेच ठेवले तर दोन मंदिरांतला फरक दिसण्याऐवजी छपाईतलाच फरक डोळ्यात भरतो. मूळ प्रमाण यात हरवतं, तेव्हा प्रत्येक प्लॅनखाली मूळ स्केल-बार पेन्सिलीने काढून ठेवा.

## टप्पा १: यादी इमारतींची करा, राजवंशांची नको

युनिटमध्ये आलेली सगळी मंदिरं एका कागदावर लिहा आणि प्रत्येक शैलीसाठी एकच मुख्य उदाहरण निवडा. निवडताना प्रसिद्धी पाहू नका. जिथे त्या शैलीची लक्षणं अखंड दिसतात ते मंदिर घ्या. बेलूरचं चेन्नकेशव प्रसिद्ध आहे, पण त्याच्या गाभाऱ्यावर आज शिखर नाही. होयसळ शैलीसाठी सोमनाथपूरचं केशव मंदिर घेतलंत तर तारकाकृती प्लॅन, तीन गाभारे आणि तिन्ही शिखरं एकाच रेखाटनात मिळतात. कोणार्कचंही तसंच. तिथला मुख्य देऊळ पडलेला आहे आणि उभा आहे तो जगमोहन. कलिंग शैलीसाठी भुवनेश्वरचं लिंगराज घ्या.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या यादीत भूमिज प्रकार असतोच. त्यासाठी शिखर शाबूत असलेलं सिन्नरचं गोंदेश्वर मुख्य उदाहरण म्हणून ठेवा आणि अंबरनाथ सरावासाठी राखून ठेवा. ते पुढे लागणार आहे.

तपासा: यादीत नऊ-दहापेक्षा जास्त मुख्य उदाहरणं झाली असतील तर तुम्ही राजवंश मोजले आहेत, शैली नाही. परमार, शिलाहार आणि यादव या तीन राजवटींत भूमिज मंदिरं बांधली गेली. शीटवर त्यांची जागा एकच.

## टप्पा २: बाह्याकृती काळ्या करा

प्रत्येक मुख्य उदाहरणाच्या बाजूच्या एलिव्हेशनवर ट्रेसिंग पेपर ठेवा, फक्त बाहेरची कडा गिरवा आणि आतला भाग पूर्ण काळा भरा. कोरीवकाम नको, खांब नकोत, मूर्ती नकोत. सगळ्या काळ्या आकृत्या एका ओळीत चिकटवा आणि हात लांब करून पाहा.

यात लगेच दोन घराणी वेगळी होतात. एका गटात गाभाऱ्यावरची कडा सलग वर जाते आणि आत वळते. हे नागर. दुसऱ्या गटात कडा पायऱ्यापायऱ्यांनी आत सरकते, प्रत्येक पायरीवर आडवी थांबते आणि एकूण आकार सरळ उताराच्या पिरॅमिडसारखा होतो. हे द्राविड. नागर गटातही कलिंगाचा रेखा देऊळ चटकन ओळखू येतो: त्याची कडा बराच वेळ जवळजवळ उभी जाते आणि माथ्यापाशी एकदम आत वळते. खजुराहोच्या कंदारिया महादेवाची कडा मात्र तुटक, फुगवट्याफुगवट्यांची दिसते आणि मंडपांची छपरं मुख्य शिखराकडे चढत जातात.

सावधान: आडव्या पायऱ्या दिसल्या म्हणजे द्राविड, असं लगेच लिहू नका. लिंगराजाच्या जगमोहनाचं छप्परही थरांचं पिरॅमिड आहे. पण ते मंडपावर आहे, गाभाऱ्यावर नाही. आधी गाभारा कुठे आहे ते शोधा आणि त्याच्यावरची कडा पाहा. मंडपाचं छप्पर पाहून शैली ठरवणं ही या युनिटमधली सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

माथा ही दुसरी खात्रीची जागा. नागर शिखरावर कडेला पाकळ्यापाकळ्यांच्या खाचा असलेली चपटी गोल चकती असते, ती आमलक. द्राविड विमानावर चकती नसते. तिथे चौकोनी, अष्टकोनी किंवा गोल घुमटासारखी टोपी असते आणि त्यावर स्तूपी. काळ्या आकृतीतही हा फरक दिसतो, म्हणून माथा गिरवताना घाई करू नका.

## टप्पा ३: प्लॅनवर गुण्या ठेवा

आता प्लॅन घ्या. इथे बरेच जण गर्भगृह, अंतराळ, सभामंडप, मुखमंडप अशी लेबलं लावून मोकळे होतात. ही लेबलं जवळजवळ प्रत्येक मंदिराला लागू पडतात, त्यामुळे ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. प्लॅनमध्ये तीनच गोष्टी पाहायच्या.

पहिली, गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीची रेषा. तिच्यावर गुण्या ठेवा. पुढे-मागे आलेल्या सगळ्या कडा जर मुख्य अक्षाला समांतर किंवा काटकोनात असतील, तर ती रथांची रचना आहे. काही कडा तिरप्या असतील, म्हणजे चौकोन केंद्राभोवती फिरवून त्याचे कोपरे बाहेर काढलेले असतील, तर प्लॅन तारकाकृती आहे. डोळ्यांनी दोन्ही सारखेच 'कोपऱ्याकोपऱ्यांचे' दिसतात. गुण्या ठेवल्यावर शंका राहत नाही. सोमनाथपूरचे गाभारे तारकाकृती आहेत, आणि मध्य प्रदेशातलं उदयपूरचं उदयेश्वर हे भूमिज मंदिरही तारकाकृती आहे. तेव्हा तारा दिसला की होयसळ, हा पाढा म्हणू नका.

रथ मोजताना एकच बाजू मोजा आणि कोपरेही धरा. मधला पुढे आलेला भाग एक आणि दोन्हीकडचे कोपरे दोन, मिळून त्रिरथ. बाहेर आलेला भाग एकच आहे म्हणून 'एकरथ' लिहिणारे दरवर्षी सापडतात. मध्ये आणखी एकेक टप्पा आला की पंचरथ, त्यापुढे सप्तरथ.

दुसरी गोष्ट, गाभाऱ्याभोवती आतून प्रदक्षिणामार्ग आहे का. असेल तर मंदिर सांधार, नसेल तर निरंधार. कंदारिया महादेव सांधार आहे, आणि त्या मार्गाला उजेड देणारे सज्जे प्लॅनमध्ये दोन्ही बाजूंना बाहेर आलेले दिसतात.

तिसरी, जोत्याची रेषा. जोतं साधं चौकोनी आहे, की मंदिराच्याच कोपऱ्यांमागे वळत जातं? सोमनाथपूरला जगती मंदिराच्या ताऱ्याबरोबर वळते. एवढी एक रेषाही होयसळाकडे बोट दाखवायला पुष्कळ मदत करते.

तपासा: तीन प्लॅन उलटे-सुलटे करून मित्राला द्या आणि कोणतंही एक झाकायला सांगा. उरलेले दोन कशाने वेगळे, हे एका वाक्यात सांगता आलं नाही तर टप्पा अजून झालेला नाही.

## टप्पा ४: लक्षण वेगळं, खूण वेगळी

लक्षण म्हणजे ज्याच्याशिवाय ती शैली ती राहत नाही. खूण म्हणजे रेखाटनात जे पहिल्यांदा नजरेत येतं. दोन्ही एका रकान्यात कोंबलं की उत्तर लिहिताना खूणच लक्षण म्हणून लिहिली जाते आणि अर्धे मार्क जातात.

कोणार्कची चोवीस चाकं घ्या. ती दिसली की मंदिर कोणार्कचं, हे बरोबर. पण चाकं हे कलिंग शैलीचं लक्षण नाही. लिंगराजाला ती नाहीत. ही इमारतीची खूण झाली, शैलीची नव्हे. पंचायतन मांडणीचंही असंच. मध्ये मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांना चार लहान मंदिरं ही रचना गुप्तकाळातल्या देवगडच्या दशावतार मंदिरात आहे आणि कित्येक शतकांनंतरच्या गोंदेश्वरातही आहे. तिच्यावरून शैली किंवा काळ ठरत नाही.

यासाठी एक सोपी चाळणी लावा. पुस्तकातले मुद्दे पेन्सिलीने उतरवा आणि प्रत्येक मुद्द्याला विचारा, हा दुसऱ्या कोणत्या शैलीच्या मंदिरालाही लागू आहे का? 'गर्भगृहावर शिखर आहे', 'भिंतींवर देवदेवतांची शिल्पं आहेत', 'मंदिर उंच जोत्यावर आहे' हे सगळं या प्रश्नाने खोडलं जातं. दहा मुद्द्यांतून दोन-तीनच उरतील. तेवढेच शीटवर घ्या.

भरल्यावर तक्ता साधारण असा दिसतो:

| शैली | मुख्य उदाहरण | लक्षण | पहिली खूण |
|---|---|---|---|
| नागर, शेखरी | कंदारिया महादेव, खजुराहो | मुख्य शिखराला चिकटलेली, लहान-मोठी पण स्वतंत्र पूर्ण उपशिखरं | फुगवट्यांची तुटक कडा |
| नागर, भूमिज | गोंदेश्वर, सिन्नर | चार उभे पट्टे आणि मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या रांगा | पायथ्यापासून माथ्यापर्यंत अखंड मधला पट्टा |
| कलिंग | लिंगराज, भुवनेश्वर | रेखा देऊळ आणि पुढे पिढा छपराचा जगमोहन | उभी कडा, माथ्यापाशी एकदम वळण |
| द्राविड, चोळ | बृहदीश्वर, तंजावर | थरांचं विमान, प्रत्येक थरावर लहान देवळांची माळ | विमान गोपुरांपेक्षा खूप उंच |
| द्राविड, नायक | मीनाक्षी मंदिर, मदुरै | एकात एक प्राकार, प्रत्येकाला गोपुर | गोपुरं विमानापेक्षा खूप उंच |
| होयसळ | केशव, सोमनाथपूर | तारकाकृती प्लॅन, त्याच आकाराची जगती | लेथवर कातल्यासारखे खांब, पायथ्याशी शिल्पपट्टांचे थर |

गुप्तकालीन, पल्लव आणि बदामी चालुक्य यांच्या ओळी तुम्ही याच चाळणीने भरा. पल्लवांसाठी एक सोपी खूण देऊन ठेवतो: खांबाच्या तळाशी बसलेला सिंह. पुढचे पाय उचलून उसळलेला याळी किंवा घोडा खांबाला जोडलेला दिसला तर तो विजयनगर-नायक काळाकडे नेतो. नुसत्या खांबाचं रेखाटन आलं तर हा फरक उपयोगी पडतो.

सावधान: 'हेमाडपंती' ही नोंद या तक्त्यात शैली म्हणून घालू नका. हा शब्द आपल्याकडे चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून केलेल्या बांधकामासाठी सर्रास वापरतात. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री, आणि अंबरनाथचं मंदिर त्याच्या सुमारे दोनशे वर्षं आधीचं. शिवाय बांधकामाची पद्धत शिखराचा आकार सांगत नाही. उत्तरात लिहायचंच असेल तर 'भूमिज शिखर, कोरड्या सांध्याचं दगडी बांधकाम' असं लिहा. तुम्ही काय म्हणताय ते परीक्षकाला नेमकं कळतं.

## टप्पा ५: काळ सर्वांत शेवटी, आणि एकच खुंटी

काळ पाठ करायचा तो शतकाने. प्रत्येक शैलीला जमेल तिथे एकच पक्कं वर्ष खुंटीसारखं ठोका: तंजावर १०१०, अंबरनाथ १०६०, बेलूर १११७. बाकीच्यांना शतक पुरे. कंदारिया अकराव्या शतकाचा पूर्वार्ध, लिंगराज अकरावं शतक, वेरूळचं कैलास आठव्या शतकाचा उत्तरार्ध.

आता या नोंदी काळाच्या रेषेवर मांडून पाहा. तंजावर, कंदारिया, लिंगराज, अंबरनाथ, सगळी अकराव्या शतकात. चार पूर्णपणे वेगळे आकार एकाच शतकात उभे राहिलेत. म्हणजे 'जुनं ते साधं, नंतरचं ते गुंतागुंतीचं' या अंदाजाने शैली ओळखायला गेलात तर फसाल. फक्त काळाच्या क्रमाने काढलेलं टिपण या युनिटला का पुरत नाही, ते इथे दिसतं.

प्रदेशाचंही तसंच. वेरूळचं कैलास महाराष्ट्रात आहे, म्हणून नागर लिहिणारे असतात. राष्ट्रकूटांनी कोरवलेलं हे मंदिर द्राविड विमानाचं आहे. कर्नाटकातल्या पट्टदकलला विरूपाक्ष हे द्राविड मंदिर आणि गळगनाथ हे नागर शिखराचं मंदिर एकाच आवारात उभी आहेत. काळ आणि प्रदेश हे रकाने म्हणूनच शेवटी भरायचे. आकारावरून शैली ठरली की त्यांनी ती पक्की होते. उलट्या क्रमाने गेलं की ते दिशाभूल करतात.

## टप्पा ६: घोटाळ्याच्या जोड्या समोरासमोर काढा

शीटचा उजवा तिसरा हिस्सा या कामासाठी मोकळा ठेवा. इथे दोन-दोन रेखाटनं शेजारी हवीत, एकाच आकाराची. वेळ कमी असेल तर बाकी टप्पे थोडक्यात आटपा, पण हा नीट करा.

शेखरी आणि भूमिज. दोन्हींवर लहान शिखरं असतात आणि घोटाळा तिथेच होतो. शेखरीत लहान शिखर स्वतंत्र पूर्ण शिखर असतं. त्याला स्वतःचा आमलक असतो, ती लहान-मोठ्या आकारांची असतात आणि मुख्य शिखराच्या अंगात अर्धी रुतल्यासारखी दिसतात. त्यामुळे बाहेरची कडा फुगते आणि तुटते. भूमिजात प्रत्येक बाजूच्या मधोमध एक उभा पट्टा, म्हणजे लता, खालून वर अखंड जातो. असे चार पट्टे झाले की मध्ये चार मोकळ्या जागा राहतात. त्यात खांबावर उभी असलेली एकसारखी चिमुकली शिखरं आडव्या-उभ्या रांगांत बसवलेली असतात, माळेत ओवलेल्या मण्यांसारखी. वर जाताना ती आकाराने लहान होत जातात, पण रांग मोडत नाही. आडव्या रांगा साधारण पाच ते नऊ असतात आणि बाहेरची कडा एकसंध राहते.

स्केच काढताना भूमिजाचा क्रम असा ठेवा: मधला अक्ष, पाया, दोन वक्र कडा, माथ्यावरचा आमलक, मग मधला पट्टा, आणि सर्वांत शेवटी रांगा. रांगांच्या आडव्या रेषा आधी आखून घ्या आणि वर जाताना त्यांतलं अंतर कमी करत न्या. सारख्या अंतराने आखल्या तर स्केच मजल्यांच्या इमारतीसारखं दिसतं आणि द्राविडाकडे झुकतं. ही चूक इतकी सर्रास होते की रांगा आखण्याआधी पेन्सिल उचलून एकदा थांबलात तरी चालेल.

लतिन आणि भूमिज. लतिन हा नागराचा एकाच शिखराचा साधा प्रकार. त्यावर लहान शिखरं नसतात. कोपऱ्यांच्या पट्ट्यांवर ठरावीक अंतराने चपटे छोटे आमलक असतात, ते मजले दाखवतात. घाईत काढलेल्या रेखाटनात हे आमलक भूमिजाच्या रांगांसारखे वाटतात. पाहायचं ते एवढंच की ते फक्त कोपऱ्यात आहेत की सगळ्या मोकळ्या जागेत पसरलेत.

चोळ आणि नायक. इथे सेक्शन किंवा पूर्ण आवाराचं एलिव्हेशन लागतं. तंजावरला गाभाऱ्यावरचं विमान सगळ्यांत उंच आहे, साठ मीटरच्या वर, आणि गोपुरं त्यापुढे बुटकी. मदुरैला चित्र उलटं आहे. बाहेरचं गोपुर सगळ्यांत उंच आणि गाभाऱ्यावरचं विमान लहान. नुसतं गोपुर दिलं असेल तर त्याच्या माथ्यावर आडवं, पिंपासारखं छप्पर आणि त्यावर ओळीने अनेक कळस दिसतात. चौरस विमानावर टोपी आणि स्तूपी एकच.

लेबल लावताना एक काळजी घ्या. द्राविडात 'शिखर' म्हणजे फक्त माथ्यावरची टोपी. थरांसकट गाभाऱ्याची सगळी इमारत म्हणजे 'विमान'. नागरात मात्र भिंतीवरचा सगळा वक्र भाग शिखर. तंजावरच्या पूर्ण मनोऱ्याला बाण मारून 'शिखर' लिहिलं की परीक्षक चूक धरतात.

होयसळ आणि उत्तर चालुक्य. कल्याणी चालुक्यांचं इटगीचं महादेव मंदिर १११२ मधलं, म्हणजे बेलूरच्या जवळपासचंच. दोन्हीकडे कातीव खांब आहेत, तेव्हा खांबावरून निर्णय देऊ नका. जगती आणि पायथ्याचे पट्ट पाहा. होयसळात हत्ती, घोडेस्वार, वेलबुट्टी असे आडवे पट्ट एकावर एक येतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातही कातीव खांब आहेत, आणि ते होयसळ मंदिर नाही. त्याच्या प्लॅनची खूण म्हणजे स्वर्गमंडप: खांब वर्तुळात आणि छपराच्या मध्ये गोल मोकळी जागा.

## टप्पा ७: प्रश्नांचा क्रम ठरवा आणि एकदा चालवून पाहा

शीटच्या खालच्या कडेला हा क्रम लिहा, आणि पेपरात याच क्रमाने जा:

1. गाभारा कोणता?
2. त्याच्यावरची कडा सलग वळते की थराथराने?
3. माथ्यावर आमलक की टोपी?
4. कडेच्या आत काय आहे: काही नाही, उपशिखरं, रांगा, की थरांवरची लहान देवळं?
5. प्लॅनच्या कडा काटकोनात की तिरप्या?
6. खांब आणि जोतं काय सांगतात?
7. मग शैली, मग शतक, आणि शेवटी इमारतीचं नाव.

आता राखून ठेवलेलं अंबरनाथ घ्या. नाव झाका. समजा समोर प्लॅन, सेक्शन आणि बाजूचं एलिव्हेशन आहे.

गाभारा सापडतो, पण वरची कडा मध्येच तुटलेली आहे. माथा नाही. तिसरा प्रश्न बाद. इथे बहुतेक जण अंदाजावर उतरतात. त्याऐवजी चौथ्यावर जा. शिखराचा जो खालचा भाग उरला आहे त्यात मधला उभा पट्टा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना सारख्या छोट्या शिखरांच्या रांगा सुरू झालेल्या आहेत. रांगा आहेत, फुगवट्यासारखी उपशिखरं नाहीत. म्हणजे भूमिज. माथा नसतानाही शैली ठरली, कारण भूमिजाचं लक्षण पायथ्यापासूनच दिसतं.

प्लॅनमध्ये बाहेरची रेषा पुष्कळ कोपऱ्यांची आहे आणि मंडपाला तीन बाजूंनी मुखमंडप आहेत. सेक्शन पाहा: मंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरायला लागतात, गाभाऱ्याची जमीन बरीच खाली आहे. ही शैलीची नव्हे, या इमारतीची खूण. चार ओळींचं उत्तर असं होतं: 'नागर शैली, भूमिज प्रकार. पुरावा: शिखराच्या उरलेल्या भागात मधली लता आणि दोन्ही बाजूंना लघुशिखरांच्या रांगा. काळ अकरावं शतक. मंडपाला तीन मुखमंडप आणि खोल गाभारा यांवरून अंबरनाथचं शिवमंदिर, १०६०, शिलाहार राजवट.' शैली आधी आणि नाव शेवटी ठेवण्याचा फायदा असा की नाव चुकलं तरी शैली आणि पुरावा यांचे मार्क टिकतात. 'अंबरनाथ' असं सुरुवातीला लिहून ते चुकलं, तर पुढचं सगळं संशयात पडतं.

## टप्पा ८: शीट झाकून हाताची परीक्षा घ्या

ओळखणं जमलं तरी पेपरात स्केचही काढायचं असतं. प्रत्येक शैलीला चार मिनिटं लावा आणि शीट न पाहता कडा, माथा, आतली रचना आणि छोटा प्लॅन काढा. लेबलं सहापेक्षा जास्त नकोत. त्यांतली निदान तीन चौथ्या टप्प्याच्या चाळणीतून उरलेल्या लक्षणांवर हवीत. गर्भगृह आणि मंडप यांवर लेबलांची जागा संपवू नका.

मग स्केचमधलं नाव झाकून ते दुसऱ्या विद्यार्थ्याला द्या. त्याने शैली चुकीची सांगितली तर त्याला दुरुस्त करू नका. कोणती रेषा पाहून तसं वाटलं, ते विचारा. तो ज्या रेषेवर बोट ठेवेल ती बहुतेक वेळा तुम्ही घाईत काढलेली असते: द्राविडाची सरळ उतरंड नकळत वक्र झालेली, किंवा आमलक चपटा न राहता घुमटासारखा फुगलेला. तेवढीच रेषा ट्रेसिंग पेपरवर मूळ रेखाटनावरून पुन्हा तीन-चारदा गिरवा आणि पुढच्या शैलीकडे जा.